सिगारेट, बिडी, तंबाखू आणि इम्प्लांटची घडी

दातांच्या दवाखान्यातल्या केसपेपरावर एक प्रश्न छापलेला असतो: धूम्रपान करता का? नांदेड-लातूरकडे त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' येतं, आणि ते खोटंही नसतं. देगलूर, मुखेड, उदगीर, निलंग्याहून आलेला पेशंट सिगारेट ओढत नाही. तो तंबाखू मळतो, चुना लावतो आणि बार भरतो. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारलं तर ती तंबाखूला हातही लावत नाही, 'नुसती मिसरी लावते'. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. त्यात ओढणारे अवघे ३.८ टक्के होते आणि चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात. देशभरातलं ओढणाऱ्यांचं प्रमाण १०.७ टक्के होतं, म्हणजे धुराच्या बाबतीत आपलं राज्य बरंच मागे आहे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते ते बसस्टँडच्या भिंतींवर दिसतं.

हे सुरुवातीलाच सांगण्याला कारण आहे. इम्प्लांट आणि हिरड्यांच्या शस्त्रक्रिया तंबाखूमुळे का फसतात, यावरचं जवळजवळ सगळं भक्कम संशोधन सिगारेट ओढणाऱ्यांवर झालं आहे, आणि तेही स्वीडन, अमेरिका, इटलीसारख्या देशांत. ते आकडे आपल्या पेशंटला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण म्हणून तंबाखू खाणारा सुटला, असंही होत नाही. आधी धुराबद्दल जे पक्कं ठाऊक आहे ते पाहू, मग बाराकडे येऊ.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. बसवला त्या दिवशी तो घट्ट असतो, पण तो घट्टपणा नुसता यांत्रिक असतो, लाकडात स्क्रू पिळल्यासारखा. हाडाने त्याला अजून धरलेलं नसतं. ड्रिलने छेद घेताना भोकाच्या कडेचं हाड थोडं दुखावतं आणि शरीर ते हळूहळू खाऊन टाकतं. त्याच वेळी स्क्रूच्या पृष्ठभागावर नवं हाड धरू लागतं. जुनी पकड सुटत असते आणि नवी अजून पुरती आलेली नसते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हा इम्प्लांट सगळ्यात कच्चा असतो. पेशंटला याचा पत्ता नसतो, कारण तोवर दुखणं थांबलेलं असतं, टाके निघालेले असतात आणि 'आता बरं झालं' म्हणून पहिली बिडी पेटण्याची वेळही नेमकी हीच असते.

नवं हाड धरायला तीन गोष्टी लागतात: भोकात साचलेली आणि टिकलेली रक्ताची गुठळी, त्या गुठळीत शिरणाऱ्या नव्या बारीक रक्तवाहिन्या, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या हाड घडवणाऱ्या पेशी. धूर तिन्हींच्या आड येतो. निकोटीनने बारीक वाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे वाहिनीतून जे रक्त पोचतं त्यातही ऑक्सिजन कमी असतो. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळायला मंदावतात आणि उलट आजूबाजूच्या ऊतींनाच झिजवणारे रस जास्त सोडतात. तंतू विणणाऱ्या आणि हाड घडवणाऱ्या पेशींची वाढही निकोटीनच्या संगतीत खुंटते. यातलं एकेक कारण सुटं घेतलं तर शरीर त्यावर मात करतं. कच्च्या आठवड्यांत सगळी एकदम आली की मात्र हाडाऐवजी स्क्रूभोवती तंतूंची गवसणी तयार होते, आणि तो स्क्रू कधीच धरत नाही.

वरच्या जबड्याचं गणित आणखी अवघड. तिथलं हाड सच्छिद्र असतं, बाहेरची कडक भिंत पातळ असते, मागच्या दाढांवर तर सायनसची पोकळी असते. खालच्या जबड्यात कडक हाडाची पकड काही काळ तरी स्क्रूला सांभाळून घेते, वर तेवढा आधार नसतो. ओढणाऱ्यांचे फसलेले इम्प्लांट वरच्या जबड्यात जास्त सापडतात, त्यामागे हेच असावं.

आता आकडे. १९९३ मध्ये बेन आणि मॉय या दोघांनी ५४० पेशंटमधल्या २१९४ इम्प्लांटचा हिशेब मांडला. न ओढणाऱ्यांत ४.७६ टक्के इम्प्लांट फसले होते, ओढणाऱ्यांत ११.२८ टक्के. तेव्हाचे इम्प्लांट गुळगुळीत होते. आताचे खरखरीत पृष्ठभागाचे असतात, हाडाला लवकर धरतात आणि एकूणच कमी फसतात. तरीही २०१५ मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून जो हिशेब झाला त्यात ओढणाऱ्याच्या इम्प्लांटचा धोका सव्वादोन पटीच्या आसपासच निघाला.

'सव्वादोन पट' ऐकून पेशंट घाबरतो किंवा डॉक्टर इम्प्लांटच नाकारतो. दोन्ही टोकं चुकीची. शंभरातले चार फसत असतील तर सव्वादोन पटीने नऊ फसतील, म्हणजे ओढणाऱ्याचेही नव्वदच्या वर इम्प्लांट बसतात. खालच्या जबड्यात, चांगल्या हाडात, एकच इम्प्लांट असेल तर हा धोका सोसण्याजोगा असतो. वरचा जबडा, सायनस उचलणं, हाडाची भर घालणं, एकाच वेळी चार-सहा इम्प्लांट, जोडीला मधुमेह, असं एकावर एक चढत गेलं की तोच धोका न परवडणारा होतो. शिवाय या अभ्यासांत एक गाठ कायम राहते. ओढणाऱ्यांचे दात मुळातच जास्त पायोरियाने गेलेले असतात, ब्रश करण्याची शिस्तही अनेकदा सैल असते, आणि आकड्यातला कुठला वाटा धुराचा आणि कुठला या बाकीच्या गोष्टींचा, हे नेमकं वेगळं काढता येत नाही. दिशा मात्र इतक्या अभ्यासांत इतकी सारखी आहे की तिच्याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा उरलेली नाही.

हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत तर फरक मिलिमीटरने मोजता येतो. पायोरियात दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खाच पडते, तिला पॉकेट म्हणतात. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटर असते. पाच-सहाच्या पुढे गेली की ब्रश तिथे पोचत नाही आणि जंतूंचं फावतं. फ्लॅप शस्त्रक्रियेत हिरडी उचलून मुळं साफ करतात, पुन्हा टाके घालतात आणि पॉकेट उथळ व्हावं अशी अपेक्षा धरतात. १९९० मध्ये स्वीडनच्या प्रेबर आणि बर्गस्ट्रॉम यांनी अशा शस्त्रक्रियेनंतर वर्षाने मोजलं तेव्हा न ओढणाऱ्यांची पॉकेटं सरासरी १.२७ मिलिमीटरने उथळ झाली होती, ओढणाऱ्यांची ०.७६ ने. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ही सगळ्या पॉकेटांची सरासरी आहे. एखाद्या सहा मिलिमीटरच्या पॉकेटाचं चार होणं आणि पाचावर अडणं यांत दात टिकण्या-न टिकण्याचा फरक असू शकतो. हिरडीखाली पडदा घालून गेलेलं हाड परत आणण्याची जी शस्त्रक्रिया असते तिथे दरी आणखी रुंद दिसते. १९९५ च्या टोनेटी यांच्या इटलीतल्या अभ्यासात न ओढणाऱ्यांना ५.२ मिलिमीटर पकड परत मिळाली होती, ओढणाऱ्यांना २.१.

यामागचं कारण रक्तपुरवठ्याच्या वाटेत आहे. उचललेल्या फ्लॅपला रक्त फक्त बुडाकडून येतं, कडेपर्यंत पोचता पोचता ते कमी होतं, आणि टाके असतात ते नेमके कडेला. टाळूतून काढलेली त्वचेची चकती उघड्या पडलेल्या मुळावर लावतात तेव्हा पहिले दोन दिवस ती चकती झिरपणाऱ्या द्रवावर तग धरते, तिच्यात वाहिन्या शिरायला त्यानंतर सुरुवात होते. या चार-पाच दिवसांत वाहिन्या आकसल्या तर चकती पांढरी पडते, कडेने सडते आणि मूळ पुन्हा उघडं. म्हणून मूळ झाकण्याची शस्त्रक्रिया रोज ओढणाऱ्यावर करायला अनुभवी डॉक्टर सहसा राजी होत नाहीत. ती मुख्यतः दिसण्यासाठी असते, आणि तंबाखू चालू असेल तर ती पुढे ढकलणंच बरं.

ओढणाऱ्याच्या तोंडात आणखी एक फसवणूक असते. हिरडीचा आजार ओळखायची सोपी खूण म्हणजे ब्रश करताना येणारं रक्त. ओढणाऱ्याला ते येत नाही किंवा फार कमी येतं. हिरडी फिकट, घट्ट, जवळजवळ निरोगी दिसते आणि आत हाड खचत असतं. धूम्रपान सोडल्यावर हिरड्यांतला रक्तप्रवाह तीनच दिवसांत वाढायला लागतो, असं जपानी संशोधकांनी २००४ मध्ये मोजून दाखवलं. त्याआधी २००३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात सोडणाऱ्यांच्या हिरड्यांत तपासणीच्या वेळी रक्त येणाऱ्या जागा चार ते सहा आठवड्यांत १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेल्या होत्या. त्याच काळात त्यांची ब्रश करण्याची सवय सुधारली होती, तरीसुद्धा.

हा तपशील सोडायच्या आधीच पेशंटच्या कानावर घालावा लागतो. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फोन येतो, 'डॉक्टर, बिडी सोडली तसं हिरडीतून रक्त सुरू झालं, आधी कधीच येत नव्हतं.' घरातलं कोणीतरी लगेच सांगतं की अचानक सोडल्याने असं होतं, एखादी घेत जा. तोंडात फोडही येतात या दिवसांत. रक्त येणं म्हणजे हिरडीला जाग येणं, आणि हे आधी सांगितलेलं असलं की पेशंट ते पचवतो. नंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटते.

आता वेळेचा प्रश्न. किती दिवस आधी सोडायचं आणि किती दिवस नंतर दूर राहायचं?

दंतवैद्यकात सगळ्यात जास्त शिकवला जाणारा नियम आहे, 'एक आठवडा आधी, आठ आठवडे नंतर'. तो १९९६ मधल्या बेन यांच्या अभ्यासातून आला. ७८ पेशंट, २२३ इम्प्लांट. न ओढणाऱ्यांत ५.६८ टक्के फसले, हा नियम पाळणाऱ्यांत ११.७६ टक्के, आणि ओढतच राहिलेल्यांत ३८.४६ टक्के. हा शेवटचा आकडा भाषणांत हमखास येतो. पण टक्केवारी उलटी फिरवून पाहा. एकूण २२३ मध्ये हे तिन्ही आकडे बसवायचे तर १७६ पैकी १०, ३४ पैकी ४ आणि १३ पैकी ५ अशीच मांडणी जुळते. म्हणजे ३८ टक्क्यांमागे तेरा इम्प्लांट आहेत. फसलेल्या पाचांतले दोन जरी बसले असते तरी आकडा २३ वर आला असता. नियम पाळणारे आणि न पाळणारे हे चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते हेही आहे. जो आठ आठवडे बिडीला शिवत नाही तो ब्रशही नीट करत असणार. नियमाची दिशा पटण्याजोगी आहे, पण त्यातला 'एक आठवडा' मला तोकडा वाटतो.

एका आठवड्याने काय साधतं ते पाहू. निकोटीन रक्तातून काही तासांत ओसरतं, ते निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास, एका दिवसात तो जवळपास निघून जातो. रक्तातल्या प्लेटलेट्सची चिकटण्याची प्रवृत्ती आणि रक्ताचा घट्टपणा आठवडाभरात सुधारतात. म्हणजे आठवडाभरात रक्त सुधारतं. पण पांढऱ्या पेशींचं काम आणि जखम विणण्याची क्षमता त्याहून उशिरा सावरते. २००३ मध्ये डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या लोकांच्या कमरेखालच्या कातडीवर छोट्या जखमा मुद्दाम करून पाहिल्या. ओढणाऱ्यांच्या १२ टक्के जखमा चिघळल्या, कधीच न ओढणाऱ्यांच्या २ टक्के. चार आठवडे सोडून राहिलेल्यांमध्ये हे चिघळणं ठळकपणे कमी झालं. ते कातडीचं आहे, जबड्याचं नाही. पण गुडघा-खुब्याच्या शस्त्रक्रियांबाबत २००२ मध्ये डेन्मार्कमध्येच झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवडे आधीपासून सोडायला मदत केलेल्या गटात गुंतागुंत १८ टक्क्यांवर होती आणि दुसऱ्या गटात ५२. तिथे गट चिठ्ठ्या टाकूनच पाडले होते. हाडाची शस्त्रक्रिया म्हणून मी हा पुरावा इम्प्लांटच्या जास्त जवळचा मानतो.

चार आठवडे आधी सोडण्याचा आणखी एक फायदा पुस्तकात कमी आणि दवाखान्यात जास्त दिसतो. सोडल्यानंतरची तळमळ पहिल्या तीन दिवसांत कळसाला जाते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. आठवडाभर आधी सोडलं तर टाके, सूज, वेदना आणि तळमळ हे सगळं एकाच आठवड्यात येतं. कित्येकांची बिडी परत सुरू होते ती नेमकी याच गर्दीत. चार ते सहा आठवडे आधी सोडणाऱ्याची ही लढाई टाके पडण्याआधी बऱ्यापैकी झालेली असते.

एका पेशंटचं वेळापत्रक लावून पाहू. समजा, देगलूरचे एक भुसार व्यापारी आहेत, वय ५४. दिवसाला चौदा बिड्या, जेवणानंतर वरून तंबाखूचा बार. उजवीकडची वरची पहिली दाढ तुटून नुसती मुळं उरली आहेत, खालच्या दोन दाढांजवळ सहा-सात मिलिमीटरची पॉकेटं आहेत. मुलीचं लग्न मेमध्ये, म्हणून जानेवारीत दवाखान्यात आले. म्हणणं एकच, 'लग्नापर्यंत दात बसला पाहिजे.'

पहिल्या भेटीत मुळं काढायची, रक्तातली साखर पाहायची (एचबीए१सी, कारण अनियंत्रित मधुमेह आणि बिडी ही जोडी वाईट), हिरड्यांची खोल सफाई सुरू करायची आणि सोडण्याची तारीख ठरवायची. महिन्याच्या शेवटचा एक दिवस, बाजार बंद असलेला. मदतीला काय द्यायचं? निकोटीनचा च्युइंगगम औषध दुकानात मिळतो, पण ताज्या जखमेच्या तोंडात तो चघळणं बरं नाही. कातडीवर लावायचा पट्टा जास्त सोयीचा, डॉक्टरांच्या सल्ल्याने. सोरेनसेन यांच्या त्याच प्रयोगात पट्टा लावणाऱ्यांच्या जखमा पट्टा न लावणाऱ्यांपेक्षा जास्त चिघळल्या नव्हत्या. निकोटीन राहिलं तरी धूर गेला हा फायदा मोठा आहे. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११२-३५६ हा नंबर टोल फ्री आहे, तोही केसपेपरामागे लिहून द्यायचा.

मार्चच्या सुरुवातीला, सोडून पाच-सहा आठवडे झालेले असताना, पॉकेटं पुन्हा मोजायची. खोल सफाईनंतर सहा-आठ आठवडे थांबून मोजायचं, हा तसाही हिरड्यांच्या उपचाराचा नियमच आहे. तेव्हा हा मधला काळ तंबाखू सोडायला आयताच मिळतो, त्यासाठी उपचार वेगळा लांबवावा लागत नाही. एक पॉकेट चारवर आलं असेल तर त्याला हात लावायचा नाही. दुसरं अजून सहावर असेल आणि टोचल्यावर रक्त येत असेल तर तिथे फ्लॅप करायचा. टाके सात ते दहा दिवसांनी काढायचे. बिडी परत सुरू झाली असेल तर फ्लॅप करू नये, सफाई पुन्हा करावी आणि तीन महिन्यांनी बघावं. फसलेल्या फ्लॅपने हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, थंड-गरम लागायला लागतं आणि पॉकेट जिथल्या तिथे राहतं.

दाढ काढलेल्या जागेत हाड भरायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे इम्प्लांट एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये बसवता आला असता, अगदी लग्नाच्या तोंडावर. तो मी बसवू देणार नाही. लग्नघरात पान-तंबाखूचं ताट फिरत असतं, जागरणं असतात, आणि पाहुण्यांच्या गर्दीत नांदेडला तपासायला येणं होत नाही. इम्प्लांटचे ते कच्चे आठवडे लग्नसराईत पडू द्यायचे नाहीत. लग्नापुरता काढता-घालता येणारा दात द्यायचा, फोटोत तो पुरेसा दिसतो. इम्प्लांट जूनमध्ये बसवायचा, पेरणीच्या दिवसांत बाजारात आवकही कमी असते. तोवर बिडी सोडून चार महिने झालेले असतील. वरची दाढ आणि सायनस जवळ, म्हणून स्क्रू हिरडीखाली झाकून ठेवायचा आणि त्यावर लगेच दात चढवायचा नाही. पुढचे आठ आठवडे बिडी आणि बार दोन्ही पूर्ण बंद. वरच्या जबड्यात चार-सहा महिने धरले तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उघडून पाहायचं आणि कॅप बसवायची. सोयाबीनच्या हंगामात व्यापाऱ्याला वेळ नसतो, तेव्हा नोव्हेंबरनंतर. घाई करून फसलेला इम्प्लांट काढावा लागला तर हाड पुन्हा भरायला लागणाऱ्या महिन्यांची भर पडते ती वेगळीच.

बाराचं काय? तंबाखू खाणाऱ्याच्या रक्तात निकोटीन सिगारेट ओढणाऱ्याइतकंच, कधी जास्तही पोचतं आणि ते जास्त वेळ टिकतं, कारण गोळी गालात अर्धा अर्धा तास असते. कार्बन मोनॉक्साइड नसतो, हा एवढाच दिलासा. उलट एक वेगळी अडचण आहे. बार नेहमी एकाच जागी ठेवला जातो, तिथली हिरडी दातावरून खाली सरकते, मूळ उघडं पडतं आणि चुन्याने आतली त्वचा भाजलेली, पांढुरकी होते. इम्प्लांट किंवा फ्लॅप त्याच बाजूला असेल तर निकोटीन, चुना आणि कचरा हे सगळं टाक्यांवर थेट बसतं. हिरडी सरकते हे पक्कं ठाऊक आहे. पण इम्प्लांट किती फसतात हे सांगणारा सिगारेटइतका भक्कम पुरावा अजून जमलेला नाही. म्हणून मी बार खाणाऱ्यालाही ओढणाऱ्याचंच वेळापत्रक लावतो. बाजू बदलून बार ठेवा, ही तडजोड सुचवूही नये, ती पाळली जात नाही.

सुपारी असेल तर गोष्ट आणखी पुढची. गुटखा, मावा, पानमसाला यांतल्या सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी सहज जातात. दोनच जात असतील तर मागच्या दाढेच्या जागी ड्रिलचा हँडपीस उभा धरणंच जमत नाही, इम्प्लांट सोडाच, साधी सफाईही अवघड होते. अशा पेशंटला आधी तोंडाची तपासणी लागते, कारण हा आजार कर्करोगाकडे वळू शकतो. नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालयं आहेत, ही तपासणी तिथे होते. त्याआधी इम्प्लांटची चर्चा करणंही गैर आहे.



फसत असलेला इम्प्लांट कसा ओळखायचा? बसलेला इम्प्लांट दुखत नाही. झाकण उघडताना किंवा वरचा जोड पिळताना दुखलं, बोटांनी हलतो आहे असं वाटलं, किंवा एक्स-रेमध्ये स्क्रू आणि हाड यांच्यामध्ये बारीक काळी रेघ दिसली तर तो धरलेला नाही. तो लगेच काढावा, थांबून काहीही सुधारत नाही. फ्लॅपच्या बाबतीत खूण पहिल्या आठवड्यातच दिसते. टाक्यांची कडा पांढरट, मेलेल्यासारखी होते, पाचव्या-सातव्या दिवशी टाके सुटतात आणि खालचं मूळ किंवा हाड दिसायला लागतं.

वर्षांनंतर फसणाऱ्या इम्प्लांटची गोष्ट वेगळी आहे. तिथे स्क्रूभोवतीचं हाड गळ्यापासून खाली खचत जातं. यात धुराचा वाटा किती याबद्दल तज्ज्ञांचं एकमत झालेलं नाही. जुना पायोरिया आणि नियमित सफाई नसणं ही कारणं जास्त पक्की मानली जातात. पण ओढणाऱ्याच्या बाबतीत इथेही तीच फसवणूक उभी राहते, हिरडी रक्त देत नाही. म्हणून कॅप बसवली त्या दिवशी एक एक्स-रे काढून ठेवावा आणि तो पेशंटच्या फाइलमध्ये राहू द्यावा. वर्षाने त्याच कोनातून दुसरा काढावा. हाड किती खाली गेलं ते दोन एक्स-रे शेजारी ठेवूनच कळतं. जो परत ओढायला लागला आहे त्याला दर सहाऐवजी दर तीन महिन्यांनी बोलवावं, आणि तो आला की हिरडी चांगली दिसते म्हणून परत पाठवू नये, बारीक मापनकाडी इम्प्लांटभोवती सगळीकडून घालून मोजावं.